सहा तिकिटं आणि चांगुणाबाई

चांगुणाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आरक्षणाच्या खिडकीसमोर जमिनीवर बसल्या होत्या आणि मागची रांग त्यांना वळसा घालून पुढे सरकत होती. मंगळवारची सकाळ, मे महिना, सुट्ट्यांची गर्दी. खिडकीवरचा क्लार्क काच ठोकून त्यांना उठवायचा प्रयत्न करत होता. त्यांचं एकच चाललं होतं, “मोठ्या सायबाला बोलवा.” नगर स्टेशनच्या आरक्षण कार्यालयातला मोठा साहेब म्हणजे मी. सुपरवायझर. हाताखाली मोजून तीन माणसं आणि दोन महिन्यांतून एकदा बिघडणारा एक प्रिंटर, एवढंच माझं राज्य.

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यानेच घडलं. सव्वीस वर्षं लोक मला गाडी चुकल्याची कारणं सांगत आलेत. कुणाची सासू आजारी, कुणाचा रिक्षावाला चुकार. मी ती ऐकतो, नियम सांगतो आणि पुढचा माणूस बोलावतो. खोटं मात्र कधी बोललेलो नाही. न होणाऱ्या कामाला ‘बघू, करू’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मला मनापासून आवडत नाही.

चांगुणाबाई पंचावन्नच्या आसपासच्या. काटक, उन्हाने रापलेल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं तिकीट. सहा बायकांचं एकच तिकीट, सोमवार संध्याकाळच्या काशीच्या गाडीचं, सहाही बर्थ पक्के. गाडी आदल्या संध्याकाळी सातच्या सुमारास वेळेवर निघून गेली होती आणि चार्टवर सहाही जणींपुढे ‘आल्या नाहीत’ अशी खूण होती.

“का नाही आलात?” मी विचारलं.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. या सहा जणी मिरजगावच्या, ऊसतोडीच्या एकाच टोळीतल्या. हंगाम संपल्यावर जीप करून नगरला निघाल्या. रुईछत्तीशी गाव ओलांडलं आणि त्यांच्यातली सगळ्यात मोठी, लंकाबाई, घामाने भिजली आणि शेजारणीच्या अंगावर कोसळली. जीप सरळ दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका आहे. सहाला दवाखान्यात पोचल्या, सातला गाडी गेली. दवाखान्यापासून स्टेशन रिक्षाने दहा मिनिटांवर.

“आजारी एक,” मी म्हणालो. “बाकीच्या पाचजणींना काय झालं होतं?”

चांगुणाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही भलतंच विचारलंय. “तिला तितं टाकून जायाचं?”

“एकीनं थांबायचं. चौघींनी जायचं.”

“आवो सायब, टोळी हाय आमची. फडात कुनाला काटा जरी मोडला तरी गाडी हालत न्हाई. तिला ना नवरा, ना लेकरू. आमीच हाय तिला.”

मला तेव्हा हे सगळं फाजील वाटलं. खरं सांगायचं तर मी वैतागलो. रांग वाढत होती. मी आवाज चढवून नियम सांगितला: पक्क्या तिकिटाचा परतावा गाडी सुटायच्या चार तास आधीपर्यंतच मिळतो. त्यानंतर काही नाही. आणि वर एक वाक्य जोडलं, जे जोडायची काही गरज नव्हती. “काल सकाळी तिकीट रद्द केलं असतंत, तर अर्धे पैसे तरी हातात पडले असते. सकाळी कळवायला काय झालं होतं?”

“सकाळी ती धडधाकट हुती की,” त्या म्हणाल्या. “भाकरी खाऊन निघालो आमी.”

मी हात झटकले. त्या उठल्या, तिकीट पुन्हा पिशवीत गुंडाळलं आणि गेल्या. मला वाटलं, मिटलं प्रकरण.

साडेबाराला त्या परत आल्या. या वेळी खिडकीशी गेल्याच नाहीत. थेट माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, बरोबर साळूबाई नावाची दुसरी एक. दोघी धावत आल्यासारख्या धापा टाकत होत्या.

“सायब, कायतरी कागद द्या,” चांगुणाबाई म्हणाल्या. “पैसे आज नकोत. कवाबी द्या. पर मिळनार हायती असा कागद द्या.”

मी पुन्हा नियमाला हात घालणार, तेवढ्यात साळूबाई रडायला लागल्या. तिथून मला हळूहळू कळलं की सकाळी मी काय करून ठेवलं होतं.

दवाखान्यात लंकाबाई शुद्धीवर होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदयाची एक नळी जवळजवळ पूर्ण बंद आहे, फुगा घालून ती उघडावी लागेल, उशीर केला तर दुसरा झटका येईल. सरकारी योजनेत बसत असल्यामुळे खर्च नव्हता. फक्त संमतीच्या कागदावर रुग्णाचा अंगठा हवा होता. लंकाबाईंनी विचारलं, तिकिटाचं काय झालं? बायकांनी काही लपवायचं ठरवलं नव्हतं, त्यांना ते सुचलंही नाही. चांगुणाबाईंकडून ऐकलेलं माझं वाक्य साळूबाईंनी जसंच्या तसं सांगितलं. सकाळी कळवलं असतं तर अर्धे मिळाले असते.

आणि लंकाबाईंना सकाळपासूनच छातीत दुखत होतं.

पहाटे उठल्यापासून डावा हात भरून येत होता, छातीत जळजळ होती. त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. अकरा हंगाम ही बाई बाकीच्यांच्या मागे लागली होती, एकदा काशीला जाऊ म्हणून. अकरा हंगाम दर वेळी काहीतरी आडवं आलं. या वर्षी सगळ्या तयार झाल्या, कुणी शेरडू विकलं, कुणी कोंबड्या, चांगुणाबाईंनी सगळ्यांचे पैसे गोळा करून स्वतः इथे येऊन तिकीट काढलं. त्या दिवशी छातीत दुखतंय म्हणून सांगायची लंकाबाईंची छाती झाली नाही. आणि आता त्यांना कळलं की बोललो असतो तर पाचजणींचे अर्धे पैसे वाचले असते.

“अंगठा देत न्हाई ती,” चांगुणाबाई म्हणाल्या. “म्हनती, माज्यापायी तुमच्या पाचजनींचं वाटुळं झालं. आता मला घरी न्या, माज्यावर आनि काय करू नका. सलाईनची नळी उपसून टाकली तिनं हातातली. डाक्टर म्हनत्यात बाई शुद्धीवर हाय, आमी जबरदस्ती करू शकत न्हाई.”

  माझ्या तोंडचं वाक्य माझ्यासमोर येऊन उभं राहिलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला आणखी राग येतो, असा माझा विचित्र कारभार आहे.

एक मार्ग होता. तो सकाळीच सांगायला हवा होता, पण त्यातून सहसा काही निघत नाही म्हणून मी सांगितला नव्हता. गाडी सुटल्यापासून तीन दिवसांच्या आत तिकीट आमच्याकडे जमा करता येतं. त्याची पावती मिळते. ती पावती आणि अर्ज दहा दिवसांत मुंबईच्या मुख्यालयात, परतावा बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा. कारण खरंच अडचणीचं असेल तर तिथले साहेब विचार करतात. देतीलच असं नाही. नियमात हक्क म्हणून काही नाही, त्यांना योग्य वाटलं तर.

मी तिकीट जमा करून घेतलं, पावती काढली, सही केली, शिक्का मारला. चांगुणाबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली.

“यात लिव्हलंय ना, पैसे मिळतील म्हनून?”

“नाही. तिकीट जमा झालं, एवढंच लिहिलंय.”

“मग खाली तेवढं लिवा.”

“तसं लिहिता येत नाही, बाई. तो अधिकार माझा नाही.”

त्यांनी पावती उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली. मग म्हणाल्या, “असू द्या. शिक्का हाय ना. तिला वाचता कुटं येतंय.” आणि गेल्या. मी अर्ज लिहायला घेतला. अर्जदार चांगुणाबाई, बँक खातं त्यांचं, कारण सविस्तर. दवाखान्याचं प्रमाणपत्र जोडायचं होतं, पण ते रुग्णाला घरी सोडल्यावरच मिळणार होतं, म्हणून लिफाफा टेबलावर ठेवला.

तासाभराने फोन आला. चांगुणाबाईंना नंबर मीच दिला होता, अर्जाच्या चौकशीसाठी. “सायब, ती मानत न्हाई. म्हनती, चांगुने, तू आयुष्यभर आमाला बरं वाटावं म्हनून खोटं बोलत आली. म्हनती, ज्यानं शिक्का मारला त्याच्या तोंडून ऐकीन.” पुढे त्या म्हणाल्या, “या ना सायब. तुमच्या पाया पडते मी.”

मी गेलो. जेवणाची सुट्टी होती, रेल्वेचं नाव असलेला बिल्ला छातीवर तसाच ठेवला. मोटरसायकलवर पूर्ण वाट मी मनाशी घोकत होतो की जे खरं आहे तेच सांगायचं, फक्त नीट सांगायचं. अर्ज करतोय, विचार होईल, शक्यता आहे. यात खोटं काही नाही.

दवाखान्याच्या जिन्याखाली बायका बसल्या होत्या. गाठोडी शेजारी, प्रवासाची, दशम्यांची. ती अजून सोडलीच नव्हती. आयसीयूत एका वेळी एकालाच सोडतात. नर्सने माझा बिल्ला पाहिला आणि चांगुणाबाईंनाही माझ्याबरोबर येऊ दिलं.

लंकाबाई म्हणजे चादरीखाली जेमतेम दिसणारी बाई. चेहरा फक्त हाडांचा, डोळे मात्र जागे. त्यांनी बिल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोकं थोडं उचललं, नमस्कार केला.

“सायब,” त्या म्हणाल्या, “मला सकाळपासनं दुखत हुतं.”

“समजलं मला, बाई.”

“सांगितलं असतं तर अर्धे पैसे आले असते म्हनं.”

“तसा नियम आहे.” काय करणार, तोंडातून निघून गेलं. चांगुणाबाईंनी पलंगाची कड घट्ट धरली.

“मग आता?” लंकाबाई म्हणाल्या. “आता काय मिळतंय का? खरं सांगा. हिच्यावानी नका सांगू.”

मी ठरवून आणलेलं वाक्य तयार होतं. विचार होईल, शक्यता आहे. मी तोंड उघडलं. त्यांच्या उजव्या हाताच्या मनगटाला पट्टी होती, उपसलेल्या सुईच्या जागी रक्त वाळलेलं होतं. ‘शक्यता’ या शब्दाने या बाईचा अंगठा उठणार नाही हे मला दिसलं.

“मिळतील,” मी म्हणालो.

“किती?”

“सगळे.”

“सहाबी तिकिटांचे?”

“सहाही. आजारपणाचं कारण आहे ना. अर्ज मुंबईला गेलासुद्धा.”

अर्ज माझ्या टेबलावर पडला होता. म्हणजे एका मिनिटात तीनदा खोटं बोललो, आणि अगदी सहज बोललो. सव्वीस वर्षांत कधी खोटं न बोललेला माणूस इतक्या चटकन कसा शिकतो कोण जाणे.

लंकाबाईंनी माझ्या बिल्ल्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग चांगुणाबाईंकडे वळून म्हणाल्या, “आन गं त्यो कागद.” नर्सने शाईचं पॅड आणलं. त्यांचा अंगठा कोयत्याने इतका घासलेला होता की पहिला ठसा उमटलाच नाही, दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

योजनेची मंजुरी यायला रात्र गेली, बुधवारी सकाळी त्यांना आत नेलं. फुगा घातला, नळी उघडली. दुपारपर्यंत ठीक होतं. चांगुणाबाईंनी फोन करून सांगितलं की चहा मागितला. बुधवारी संध्याकाळी दुसरा झटका आला. डॉक्टर म्हणाले, उशीर फार झाला होता, हृदय आधीच दमलेलं होतं.

तो उशीर किती तासांचा, हे मी मनातल्या मनात पुष्कळदा मोजलंय. त्यातले सकाळी दहा ते दुपारी दोन माझे आहेत. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतील, चार तासांनी काही फरक पडला नसता. मी विचारायला गेलो नाही.

पुढच्या सोमवारी चांगुणाबाई आल्या. सुतक होतं, तरी आल्या. दहावा व्हायचा होता. माझ्या टेबलासमोर उभ्या राहून त्यांनी पिशवीतून दवाखान्याचे कागद काढले आणि सगळ्यात वर मृत्यूचा दाखला ठेवला. लिफाफा अजून माझ्यापाशीच होता. अर्जाची दहा दिवसांची मुदत संपायला तीन दिवस होते.

मी दाखला हातात घेतला आणि कारकुनाच्या डोक्याने पहिला विचार काय केला, तर आता अर्ज मजबूत झाला. हे मनात आलं आणि माझा मलाच इतका संताप आला की मी तो कागद टेबलावर उपडा ठेवला.

“हा नको जोडायला,” मी म्हणालो. “नुसतं भरती केल्याचं प्रमाणपत्र पुरे.”

“ह्यानं काम हुईल का लवकर?”

“होऊ शकतं. पण तुम्हाला बरं वाटेल का? तिच्या मरणाचा कागद लावून पैसे मागायचे?”

“पैशाचं सोडा, सायब.” त्यांचा आवाज चढला. तो तसा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. “तुमी तिला सांगितलं, सगळे मिळतील. मी तितं उबी हुते. ती त्या शब्दावर आत गेली. आता मिळाले तर आपन तिला खरं बोललो. न मिळाले तर मरताना फशिवलं तिला. लावा त्यो कागद. जेवढे हायती तेवढे समदे लावा.”

मी सगळे कागद लावले.  लिफाफा रजिस्टर पोस्टाने मी स्वतः टाकून आलो.

मग दोन महिने चांगुणाबाई दर मंगळवारी फोन करायच्या. मिरजगावात शेंगांच्या निंदणीला जायच्या, दुपारच्या सुट्टीत बांधावरून बोलायच्या. कधी पैशांचा उल्लेख नाही. “आलं का काय?” एवढंच. मी म्हणायचो, “नाही अजून.” त्या म्हणायच्या, “बरं.” एकदा सांगितलं की बाकीच्या चौघींपैकी कुणीच हिशेब मागितला नाही, एकीच्या नवऱ्याने मागितला तेव्हा तिनेच त्याला गप्प केलं. काशीला परत जायचं का, असं मी एकदा विचारलं. “आता कुनाचं मन हाय?” त्या म्हणाल्या.

जुलैच्या शेवटी मुंबईहून उत्तर आलं. मी त्यांना बोलावून घेतलं, फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. त्या एसटीने आल्या, एकट्याच. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि पत्र वाचून दाखवलं. साहेबांनी माणुसकी दाखवली होती, तसं म्हणायलाच हवं. रुग्ण महिला आणि तिच्यासोबत थांबणं आवश्यक असलेली एक व्यक्ती, अशा दोन प्रवाशांचा परतावा विशेष बाब म्हणून मंजूर. उरलेल्या चार प्रवाशांनी प्रवास न करण्याचं समर्थनीय कारण दिसत नसल्यामुळे त्यांची मागणी नामंजूर. मंजूर रक्कम अर्जदाराच्या खात्यावर जमा होईल.

नियमाने बघितलं तर यात चूक काढायला जागा नव्हती. त्या पहिल्या मंगळवारी सकाळी मी स्वतः हेच म्हणालो होतो, एकीनं थांबायचं, चौघींनी जायचं.

चांगुणाबाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “दोघींचे,” त्या म्हणाल्या. “मंजी चौघींचं खोटंच बोललो आपन.”

‘आपन’ म्हणाल्या. मला त्यांनी वेगळं काढलं नाही. त्या चिडल्या असत्या, दोन शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या डोक्याला हात लावून बसून राहिल्या आणि मग रडल्या, आवाज न करता, पदर तोंडात धरून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दवाखान्यात नाही, सुतकात नाही, इथे माझ्या टेबलासमोर. बाहेर गाडीची घोषणा चालू होती आणि खिडकीवरचा क्लार्क आत डोकावून परत गेला.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. “ह्याच्या वर कुनी सायब हाय का?”

“आहे. महाव्यवस्थापक. त्यांच्याकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. पण चांगुणाबाई, खरं सांगतो, यात काही नवीन कारण दाखवावं लागेल. चौघी का थांबल्या, हे त्यांना पटेल असं.”

“लिवा मग.”

मी कोरा कागद घेतला. तारीख टाकली, विषय लिहिला. “सांगा, काय लिहू?”

त्यांनी जरा विचार केला. “लिवा, आमी सहाजनी एकाच टोळीच्या. एकीला टाकून दुसऱ्या जात न्हाईत. ह्ये तुमच्या नेमात बसत न्हाई ते आमाला ठावं हाय.” मी लिहीत गेलो. “लिवा, लंकाबाई अंगठा देत नव्हती. तिला सांगितलं, सहाबी तिकिटांचे पैसे मिळतील, तवा तिनं दिला. ती त्याच शब्दावर गेली. त्यो शब्द रेल्वेच्या मानसानं दिला हुता.”

माझं पेन थांबलं. त्यांनी ते पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, “नाव नका लिवू सायब. तुमची नोकरी हाय.”

नोकरी होती, चार वर्षं उरली होती. अधिकार नसताना प्रवाशाला परताव्याचं आश्वासन देणं म्हणजे काय, त्यावर चौकशी कशी बसते, हे मला त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण नावाशिवाय ते वाक्य म्हणजे नुसती ऐकीव गोष्ट, कुणी वाचलंही नसतं.

मी ‘रेल्वेच्या माणसाने’ हे शब्द खोडले आणि तिथे माझं पूर्ण नाव लिहिलं, पुढे हुद्दा, आणि कुठल्या दिवशी किती वाजता दवाखान्यात जाऊन मी तसं सांगितलं तेही. मग कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि शाईचं पॅड उघडलं.